योगवर्गासाठी साठ मिनिटांचं संगीत: सेकंदाचा हिशोब आणि गाण्यांचे सांधे

योगवर्गात संगीत लावणारे बहुतेक जण आवडीची दहा-बारा शांत गाणी एका प्लेलिस्टमध्ये टाकतात, बेरीज साधारण तासभर झाली की काम झालं असं समजतात आणि मग शवासनाच्या मधोमध तबला सुरू होतो. गाण्यांची निवड चांगली असली तरी असं होतं, कारण वर्गाला एकूण लांबीपेक्षा कुठल्या मिनिटाला काय वाजतंय हे जास्त महत्त्वाचं असतं. या लेखात साठ मिनिटांच्या एका हठयोगाच्या वर्गाचं संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं बांधायचं ते दाखवतो. वर्ग सकाळी साडेसहाचा, सोसायटीच्या हॉलमधला, वीस-पंचवीस साधकांचा धरा. काम ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅमवर करू. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो.

आधी वर्गाचा आराखडा, मग गाणी

कागदावर वर्गाचे भाग आणि त्यांच्या वेळा लिहा. आपल्या उदाहरणात त्या अशा आहेत:

- बसून श्वासाकडे लक्ष: 5 मिनिटं
- सूक्ष्म व्यायाम, सांधे मोकळे करणं: 8 मिनिटं
- सूर्यनमस्कार: 12 मिनिटं
- उभी आसनं: 12 मिनिटं
- बैठी आणि झोपून करायची आसनं: 11 मिनिटं
- शवासन: 9 मिनिटं
- ओंकार आणि समाप्ती: 3 मिनिटं

बेरीज साठ. यातली सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे शवासनाची सुरुवात. ती 48 व्या मिनिटाला येते, म्हणजे घड्याळात 7 वाजून 18 मिनिटांनी. साधक उशिरा आले, चटया टाकण्यात वेळ गेला, कुणाला एखादं आसन पुन्हा दाखवावं लागलं, तरी ही वेळ पाळायची. कापाकापी करायची तर उभ्या आसनांतून करा, शवासनातून कधीही नको.

हे सगळं ध्यानात घेऊन मी साठ मिनिटांची एकच अखंड फाइल बनवत नाही. एकच फाइल असली की शिक्षक संगीताच्या मागे धावायला लागतो. तीन फाइली करा: पहिल्या दोन भागांची एक (0 ते 13 मिनिटं), मधल्या तीन भागांची दुसरी (13 ते 48) आणि शवासन-ओंकाराची तिसरी (48 ते 60). पहिल्या आणि दुसऱ्या फाइलच्या शेवटी दोन मिनिटांचा नुसता तानपुरा जादा ठेवायचा. तुमचं काम वेळेवर झालं तर तो ऐकूच येणार नाही, कारण तुम्ही पुढची फाइल लावलेली असेल. दीड मिनिट उशीर झाला तर तानपुरा वाजत राहील आणि खोलीत अचानक शांतता पडणार नाही. फोनवरच्या प्लेअरने फाइल संपल्यावर पुढची आपोआप सुरू करू नये अशी सेटिंग मात्र करून ठेवा, नाहीतर तो दोन मिनिटांचा तानपुरा पूर्ण वाजवून स्वतःच्या वेळेने पुढे जाईल.

क्रॉसफेड वेळ खातो

एक गाणं मंद होत जाताना दुसरं वर येणं म्हणजे क्रॉसफेड. त्या काळात दोन्ही गाणी एकाच वेळी वाजत असतात, म्हणून तेवढे सेकंद एकूण लांबीतून कमी होतात. बारा गाणी, प्रत्येक जोडाला दहा सेकंद, म्हणजे अकरा जोड आणि 110 सेकंद गायब. बेरजेने बरोब्बर साठ मिनिटं भरलेली प्लेलिस्ट 58 मिनिटं 10 सेकंदांत संपते. फोनवरच्या ॲपमधला क्रॉसफेड चालू केला की नेमकं हेच घडतं आणि बऱ्याच जणांना त्याचं कारण कळत नाही.

उपाय सोपा आहे. गाण्याला जेवढा वेळ वाजायचं आहे, त्यात त्याच्या शेवटच्या जोडाचे सेकंद मिळवा. तेवढी त्याची कापलेली लांबी असली पाहिजे. भाग कधी सुरू झाला हे ठरवायला मी एकच नियम पाळतो: नवं गाणं ऐकू यायला लागलं त्या क्षणी नवा भाग सुरू.

पहिली फाइल या नियमाने बांधू. बसून श्वास घेण्यासाठी बासरीचा आलाप घेतला, त्याची लांबी 5:42. त्याला पाच मिनिटं एकट्याने वाजायचंय आणि पुढच्या गाण्याशी बारा सेकंद मिसळायचंय, म्हणजे हवेत 5:12. तीस सेकंद जास्त आहेत, ते कापायचे. सूक्ष्म व्यायामासाठी दोन तुकडे घेतले, 4:10 आणि 4:18, बेरीज 8:28. या दोघांचा आपसातला जोड आठ सेकंदांचा आणि शेवटी तानपुऱ्याशी दहा सेकंदांचा, म्हणून हवेत 8:00 + 0:08 + 0:10 = 8:18. दहा सेकंद जास्त, ते दुसऱ्या तुकड्याच्या शेवटून काढले. ताळा करू: 5:12 आणि 8:18 मिळून 13:30, त्यातून पहिल्या दोन जोडांचे वीस सेकंद गेले की 13:10. तानपुरा बरोबर 13:00 ला वर यायला लागतो आणि गाणं 13:10 ला पूर्ण विरतं. हिशोब जुळला.

हा हिशोब गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये ठेवा. तिथे एक गंमतशीर अडचण येते. `4:35` असं टाइप केलं की प्रोग्रॅम त्याला चार तास पस्तीस मिनिटं समजतो. `0:04:35` असं लिहा आणि रकान्याला `[mm]:ss` हे स्वरूप द्या. B रकान्यात कापलेल्या लांब्या आणि C मध्ये जोडांचे सेकंद (तेही `0:00:08` असेच) ठेवले की एकूण वेळ काढायला एवढं पुरतं:

```
=SUM(B2:B13)-SUM(C2:C13)
```

गाण्याची लांबी फोनवर दिसते त्यावर पूर्ण विसंबू नका. काही एमपी-थ्री फाइलींमध्ये बिटरेट बदलता असतो आणि लांबीची नोंद नसते, तेव्हा प्लेअर अंदाजाने आकडा दाखवतो. ऑडॅसिटीत फाइल उघडल्यावर दिसणारी लांबी खरी.

सूर्यनमस्कार: केरव्याची बारा आवर्तनं

बाकीच्या भागांत संगीत पार्श्वभूमीला असतं, पण सूर्यनमस्कारात ते शरीराला चालवतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

एका सूर्यनमस्कारात बारा स्थिती. मिश्र वयाच्या वर्गात प्रत्येक स्थितीला पाच सेकंद दिले तर एक श्वास किंवा एक उच्छ्वास आरामात बसतो आणि एक नमस्कार साठ सेकंदांत होतो. आता केरवा हा ताल आठ मात्रांचा. मिनिटाला 96 मात्रांची लय असेल तर आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांत पूर्ण होतं. म्हणजे प्रत्येक समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एक स्थिती बदलते आणि बारा आवर्तनांत एक नमस्कार संपतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर साधकांना तोंडी मोजणी लागत नाही, समेवर हात आपोआप वर जातात. माझ्या मते योगवर्गाच्या संगीतात यापेक्षा उपयोगी दुसरी गोष्ट नाही.

96 मात्रांची रचना तयार मिळेलच असं नाही, ती करून घ्यावी लागते. गाणं लावा, समेवर स्टॉपवॉच सुरू करा आणि वीस आवर्तनं मोजा. पाहिजेत 100 सेकंद. आपल्या उदाहरणात पहिल्या रचनेची वीस आवर्तनं 96 सेकंदांत झाली, म्हणजे एक आवर्तन 4.8 सेकंदांचं. गाणं थोडं जलद आहे. 4.8 ला 5 ने भागलं की 0.96 येतं, म्हणून लय चार टक्के कमी करायची. ऑडॅसिटीत पूर्ण गाणं निवडून `Effect > Pitch and Tempo > Change Tempo` मध्ये `Percent Change` ला `-4` द्या आणि `Use high quality stretching` वर खूण करा. सूर तोच राहतो, फक्त लय बदलते. दुसऱ्या रचनेची वीस आवर्तनं 104 सेकंदांत झाली, म्हणजे ती थोडी संथ, तिला `+4`.

पाच टक्क्यांपर्यंतचा बदल वाद्यसंगीतात सहसा कानाला कळत नाही. त्यापलीकडे गेलात की तबल्याचा ठोका पसरट होतो, ‘ना’चा टणकपणा जातो. हेडफोन लावून डग्गा नव्हे, चाट ऐका, बिघाड तिथे आधी उघडा पडतो. दहा टक्के बदलावे लागत असतील तर दुसरी रचना शोधा.

आणखी एक गोष्ट तपासा. माणसांनी वाजवलेली लय हळूहळू चढते. शेवटाकडे वीस आवर्तनं पुन्हा मोजा. सुरुवातीला 100 आणि शेवटी 92 आली तर ती रचना इथे चालणार नाही, शेवटच्या नमस्कारांत साधकांना धाप लागेल. एकदोन सेकंदांचा फरक मात्र खुशाल सोडून द्या.

लय बदलल्यावर 5:05 ची पहिली रचना साधारण 5:17 झाली आणि 5:30 ची दुसरीही तेवढीच. प्रत्येकीतून साठ आवर्तनं, म्हणजे पाच नमस्कार, म्हणजे पाच मिनिटं कापून घ्यायची. कापताना एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतच कापा. लहरी मोठ्या करून पाहिल्या की समेचा ठोका टोकदार उंचवट्यासारखा दिसतो, त्याच्या अगदी आधी कर्सर ठेवा. कापण्याआधी `Z` दाबलं की निवडीच्या दोन्ही कडा लहर शून्यावर असते त्या जागी सरकतात आणि कापल्यावर ‘टक्’ असा आवाज येत नाही. शेवटच्या समेचा ठोका मात्र ठेवा आणि पुढच्या दीड सेकंदात तो विरू द्या, सम न येता संगीत तुटलं की सगळ्यांनाच अर्धवट वाटतं.

आता बारा मिनिटं भरायची. उठून चटईच्या पुढच्या टोकाला उभं राहायला 45 सेकंद तानपुरा, मग पाच मिनिटं पहिली रचना, 30 सेकंद तानपुऱ्यावर उभ्याने विश्रांती, पाच मिनिटं दुसरी रचना आणि शेवटी पुन्हा 45 सेकंद तानपुरा. बेरीज 720 सेकंद, म्हणजे बारा मिनिटं. यातल्या पहिल्या 45 पैकी दहा सेकंद पहिल्या फाइलच्या शेवटी वाजून गेलेत, म्हणून दुसऱ्या फाइलची सुरुवात 35 सेकंदांच्या तानपुऱ्याने करा. तुम्ही 13:10 च्या सुमारास पुढची फाइल लावली की घड्याळ बरोबर चालतं.

सांधा: तानपुरा आणि षड्ज

दोन गाण्यांतला जोड खटकतो तो दोन कारणांनी. एकतर दोन्हीकडे ठेका असतो आणि दोन लयी एकमेकींवर आदळतात. किंवा दोघांचे षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, एकमेकांशी भांडतात.

पहिल्याचा नियम असा की ठेका असलेली दोन गाणी एकमेकांवर कधी चढवू नका. जाणाऱ्या गाण्याचा ठेका थांबू द्या किंवा पूर्ण विरू द्या, येणाऱ्या गाण्याचा आलाप किंवा सुरावट आधी येऊ द्या. येणारं गाणं थेट ठेक्यानेच सुरू होत असेल तर मध्ये तानपुरा ठेवा.

दुसऱ्यासाठी प्रत्येक गाण्याचा षड्ज शोधावा लागतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, गाणं सुरू करा आणि तानपुऱ्याची पट्टी एकेक बदलत जा. जुळली की लगेच कळतं. गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा: काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. सलग येणाऱ्या गाण्यांचा षड्ज एकच असला तर सर्वात उत्तम. पुढच्याचा षड्ज आधीच्याच्या पंचमावर किंवा मध्यमावर असला तरी छान जुळतं. वाईट म्हणजे अर्ध्या स्वराचा फरक, उदाहरणार्थ काळी एकमधून पांढरी दोनमध्ये जाणं. त्या दहा सेकंदांत सगळं बेसूर वाटतं आणि साधकांचे चेहरे आक्रसतात. अशा वेळी `Effect > Pitch and Tempo > Change Pitch` ने एक गाणं अर्ध्या स्वराने हलवा. एका अर्ध्या स्वराने फार बिघडत नाही, दोनपलीकडे बासरी आणि गळा दोन्ही कृत्रिम वाटतात. हलवायचं नसेल तर क्रॉसफेडचा नाद सोडा. पहिलं गाणं पूर्ण विरू द्या, तीन सेकंदांची शांतता ठेवा आणि दुसरं सुरू करा. कान तेवढ्यात जुना षड्ज बाजूला ठेवतो.

मी संपूर्ण वर्गाला एकच तानपुरा धरतो, काळी एकचा, षड्ज-पंचम लावलेला. त्याचं एक कारण शेवटच्या ओंकारात आहे. पुरुषांना काळी एक सोयीची पडते, आणि तिचा पंचम म्हणजे काळी चार, जी बऱ्याच स्त्रियांना षड्ज म्हणून सोयीची असते. एकाच तानपुऱ्यावर दोघांचा ओंकार सुरात लागतो, कुणाला आवाज ताणावा लागत नाही. हा तानपुरा तुम्ही स्वतः ॲपवरून किंवा खऱ्या वाद्यावरून दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करून ठेवा. तारा दर आवर्तनाला सारख्याच छेडलेल्या असल्या तर तो हवा तिथून तोडता येतो आणि हवा तेवढा लांबवता येतो.

ऑडॅसिटीत जोड कसा बसवायचा

प्रत्येक गाणं वेगळ्या ट्रॅकवर आणा, एकाखाली एक. सगळ्यात आधी आवाजाची पातळी सारखी करा. वेगवेगळ्या काळातल्या ध्वनिमुद्रणांच्या पातळीत खूप फरक असतो. एकेक गाणं निवडून `Effect > Volume and Compression > Loudness Normalization` लावा आणि आकडा `-18` ठेवा. या पातळीला जोडाच्या वेळी दोन गाण्यांची बेरीज झाली तरी आवाज फाटत नाही.

मग खालचं गाणं धरून उजवीकडे सरकवा, असं की ते वरच्याच्या शेवटावर आठ सेकंद चढेल. नेमक्या वेळेसाठी खालच्या पट्टीत तास-मिनिट-सेकंद आकड्यांनी टाइप करता येतात, माउसने अंदाज करत बसू नका. तो आठ सेकंदांचा भाग दोन्ही ट्रॅकवर निवडा आणि `Effect > Fading > Crossfade Tracks` लावा. तिथे फेडचा प्रकार विचारतात. `Constant Gain` निवडलं तर दोन वेगळ्या गाण्यांच्या जोडाच्या मधोमध आवाज सुमारे तीन डेसिबलने खाली बसतो, खोलीत क्षणभर पोकळी जाणवते. `Constant Power 1` घ्या, त्याने पातळी सपाट राहते. तानपुऱ्याचे दोन तुकडे एकमेकांना जोडतानाही हेच चालतं.

आठ सेकंद हा माझा नेहमीचा आकडा आहे, पण तो गाण्याप्रमाणे बदलतो. संथ आलापाला बारा-पंधरा सेकंद शोभतात. वाक्य संपवून सुरावट श्वास घेते, अशा जागी जोड आला तर पाचही पुरतात. फेड सुरू करायची जागा घड्याळावर न ठरवता सुरावटीवर ठरवा आणि मग कमी-जास्त झालेले सेकंद दुसऱ्या टोकाला कापून भरून काढा.

ज्यांना कमांड लिहायची सवय आहे त्यांना एफएफएमपेगने हेच काम एका ओळीत होतं, आणि दुसऱ्या ओळीने लांबी सेकंदांत कळते:

```
ffmpeg -i A.wav -i B.wav -filter_complex "acrossfade=d=8:c1=qsin:c2=qsin" jod.wav
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 jod.wav
```

`qsin` ने पातळी सपाट ठेवणारा फेड मिळतो. जोडकाम सुरू असेपर्यंत वेव्ह फाइलीच वापरा. एमपी-थ्री करताना सुरुवातीला आणि शेवटी काही मिलिसेकंदांची पोकळी जोडली जाते, ती प्रत्येक टप्प्यावर साचत जाते आणि ठेक्याच्या जोडात ऐकू येते. शेवटी तयार झालेली फाइल एकदाच एमपी-थ्री करायची. 192 केबीपीएसला तासाभराचं संगीत साधारण 86 एमबी होतं.

आसनांचे दोन भाग

उभ्या आणि बैठ्या आसनांच्या 23 मिनिटांत एकच पथ्य काटेकोर पाळा: उजव्या आणि डाव्या बाजूच्या मध्ये गाणं बदलू देऊ नका. त्रिकोणासन उजवीकडे एका गाण्यावर आणि डावीकडे दुसऱ्या गाण्यावर झालं की दुसरी बाजू नकळत आखडती घेतली जाते किंवा लांबते. प्रत्येक आसनाची जोडी किती मिनिटांची ते लिहा आणि गाण्याचा जोड दोन आसनांच्या मधल्या विश्रांतीत टाका. शिवाय इथे शब्द असलेली गाणी टाळा. तुम्ही ‘टाच जमिनीवर दाबा’ म्हणत असताना गायक वेगळंच काहीतरी सांगत असतो आणि मागच्या रांगेपर्यंत दोन्हीपैकी काहीच नीट पोचत नाही.

शवासन

नऊ मिनिटांतली पहिली साडेचार मिनिटं संथ, ठेका नसलेली सुरावट. तिचा शेवटचा दीड मिनिट हळूहळू विरणारा. त्याखाली तानपुरा आधीच सुरू झालेला असावा, वर्गाच्या बाकी संगीतापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली. साडेचार ते आठ मिनिटं फक्त तो. आठव्या मिनिटाला एक हलका टाळ किंवा घंटा, आणि नवव्या मिनिटापर्यंत तानपुरा सावकाश वर. ही चढ-उतार ऑडॅसिटीच्या `Envelope` टूलने करा, `F2` दाबलं की ते मिळतं. ट्रॅकवर बिंदू टाकून वरखाली ओढले की आवाज त्याप्रमाणे बदलतो.

इथे पूर्ण शांतता का ठेवत नाही, असं कुणी विचारतं. मला शांतता आवडते, पण ब्लूटूथ स्पीकरला ती सहन होत नाही. आवाज यायचा थांबला की अनेक स्पीकर झोपतात आणि पुन्हा आवाज आल्यावर पहिला अर्धा सेकंद गिळतात. घंटेचा सगळा अर्थ तिच्या पहिल्या टोल्यात असतो, तोच नेमका जातो. काही स्पीकर तर बराच वेळ आवाज नसेल तर बंद होतात आणि त्याआधी स्वतःची एक शिट्टी वाजवतात. शवासनात पडलेल्या वीस माणसांवर ती शिट्टी फार क्रूर वाटते. अगदी मंद तानपुरा चालू ठेवला की हे टळतं. शांतता हवीच असेल तर स्पीकरला वायर लावा.

ओंकाराची तीन मिनिटं तानपुरा आपल्या नेहमीच्या पातळीला आणि शेवटचे वीस सेकंद विरत जाणारा.

गाणी कुठून घ्यायची

स्ट्रीमिंग ॲपवर ‘डाउनलोड’ केलेली गाणी ऑडॅसिटीत उघडत नाहीत, ती कुलूपबंद असतात. शिवाय त्या ॲपची परवानगी खासगी ऐकण्यापुरती असते, वर्गात लावण्यासाठी नाही. तुमच्याकडे फाइल म्हणून असलेलं संगीत लागतं. फी घेऊन चालणाऱ्या वर्गात संगीत लावणं हे 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली सार्वजनिक वादन ठरू शकतं. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्था परवाने देतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत वापरत असाल तर परवान्याची अक्षरं वाचा: `NC` असेल तर व्यावसायिक वापर नाही, `ND` असेल तर कापून-जोडून बदललेलं रूप वाटता येत नाही. स्वतः मुद्रित केलेला तानपुरा आणि ओळखीच्या वादकाकडून लेखी परवानगीने घेतलेला केरवा, यांनी निम्मा वर्ग भरतो आणि या कटकटी कमी होतात.

हॉलमध्ये तपासणी

घरी हेडफोनवर छान वाटलेलं संगीत हॉलमध्ये वेगळं वाटतं. फरशी आणि रिकाम्या भिंती असल्या की तानपुरा घुमतो आणि मंद फेड प्रत्यक्षात लवकर ऐकू येईनासा होतो. वर्गाच्या आदल्या दिवशी तिन्ही फाइलींचे फक्त सांधे लावून पाहा, प्रत्येक जोडाच्या आधीचे वीस आणि नंतरचे वीस सेकंद. एकाला मागच्या कोपऱ्यात चटईवर पाठ टेकून झोपवा आणि तुम्ही पुढून नेहमीच्या आवाजात सूचना द्या. त्याला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. कळला नाही तर संगीत खाली आणा, स्वतःचा आवाज चढवू नका. हॉल माणसांनी भरला की संगीत थोडं दबतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेली पातळी वर्गात एखादा टप्पा वाढवावी लागते.

वर्गाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ पुन्हा चालू करा, नाहीतर फोन आला की शवासन तिथेच संपतं. ऑडॅसिटीत प्रत्येक भागाच्या सुरुवातीला `Ctrl+B` ने लेबल टाकलेलं असेल तर त्या वेळा एका चिठ्ठीवर उतरवा आणि ती घड्याळाशेजारी चिकटवा: 6:35 सूक्ष्म व्यायाम, 6:43 सूर्यनमस्कार, 6:55 उभी आसनं, 7:07 बैठी, 7:18 शवासन, 7:27 ओंकार. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा. पुढच्या महिन्यात गाणी बदलायची असली तर तानपुऱ्याचा ट्रॅक आणि लेबलं जागच्या जागी राहतात, फक्त त्या मापाची नवी गाणी कापून आत बसवायची.